मोठी खरेदी हप्त्यांत बदलण्याआधी प्रोसेसिंग फी माफ कशी करून घ्यावी

क्रेडिट कार्डावर केलेली मोठी खरेदी नंतर मासिक हप्त्यांत बदलून घेताना बहुतेक जण एकच चूक करतात. ते ॲपमधले बटण आधी दाबतात आणि फी माफ करण्याची विनंती नंतर करतात. बटण दाबताच कर्ज नोंदले जाते, त्या क्षणी फी लागू होते, आणि त्यानंतरची विनंती ही ‘माफी’ची न राहता ‘परतावा’ देण्याची होते. परतावा देण्याचा अधिकार कस्टमर केअरच्या पहिल्या पायरीवरील प्रतिनिधीला अनेकदा नसतो. दुसरी चूक तितकीच सर्रास होते: फी माफ झाली या आनंदात व्याजाचा दर वाढवलेला आहे, हे पाहायचे राहून जाते. या दोन चुका टाळण्यासाठी कामाचा क्रम कसा असावा, हे एका उदाहरणावरून पाहू.

सोलापुरातील जुळे सोलापूर भागातले एक कुटुंब आहे, असे धरू. उन्हाळा तोंडावर आला म्हणून त्यांनी २४ मार्चला नवी पेठेतील एका दुकानातून दोन एसी घेतले आणि ७२,००० रुपये कार्डाने भरले. कार्डाची मर्यादा १,२०,००० रुपये आहे, स्टेटमेंट दर महिन्याच्या १५ तारखेला निघते आणि पैसे भरण्याची अंतिम तारीख पुढील महिन्याची ५ आहे. बारा हप्ते करावेत, असा त्यांचा विचार आहे.

## टप्पा १ : व्यवहार हप्त्यांना पात्र आहे का, ते पाहणे

दुकानात कार्ड घासल्याबरोबर व्यवहार ॲपमध्ये दिसतो, पण सुरुवातीला तो बहुधा ‘पेंडिंग’ असतो. दुकानदाराच्या बँकेकडून रकमेची अंतिम मागणी आली की तो खात्यात पक्का नोंदला जातो आणि यास साधारण दोन-तीन दिवस लागतात. तोपर्यंत हप्त्यांचा पर्याय दिसत नसेल तर ती नकाराची खूण समजू नये. सोन्याचे दागिने, पेट्रोल-डिझेल आणि कार्डावर काढलेली रोख रक्कम या गोष्टी बहुतेक कंपन्या हप्त्यांतून वगळतात, त्यामुळे त्यांच्यासाठी फोन करण्यात वेळ घालवू नये.

एक पर्याय मात्र दुकानाच्या काउंटरवरच विचारून घ्यायचा असतो. एसी, फ्रिज, मोबाइल अशा वस्तूंवर उत्पादक कंपनी व्याजाचा भार उचलते आणि दुकानातील मशिनवर त्याच वेळी हप्ते करून मिळतात. ही सवलत त्या मशिनवरच्या व्यवहाराशी बांधलेली असते. एकदा पूर्ण रकमेचा साधा व्यवहार झाला की नंतर कार्ड कंपनीकडून ती मिळत नाही. हा लेख त्या पुढच्या परिस्थितीबद्दल आहे.

## टप्पा २ : तारखा मांडणे

विनंती कोणत्या दिवशी करायची, यावर बरेच अवलंबून असते. वरील कुटुंबाची खरेदी २४ मार्चची आहे, म्हणून ती १५ एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये येईल आणि ५ मेपर्यंत भरावी लागेल. रूपांतर १५ एप्रिलपूर्वी झाले, तर ७२,००० ची रक्कम स्टेटमेंटच्या एकूण देण्यातून वजा होते आणि तिच्या जागी पहिला हप्ता दिसतो. स्टेटमेंट निघाल्यानंतरही काही कंपन्या अंतिम तारखेपर्यंत रूपांतर करून देतात. परंतु निघालेले स्टेटमेंट बदलत नाही, आणि त्यावरील किती रक्कम आता भरायची, याबद्दल ग्राहकाचा गोंधळ उडतो.

ऑटो डेबिट लावलेल्यांनी येथे विशेष जपावे. बचत खात्यातून ‘एकूण देय रक्कम’ आपोआप कापली जावी अशी सूचना दिलेली असेल आणि रूपांतर स्टेटमेंटनंतर झाले असेल, तर ५ मे रोजी खात्यातून पूर्ण ७२,००० जाऊ शकतात. पगार नुकताच जमा झालेला असतो, त्यामुळे व्यवहार बाउन्सही होत नाही. हप्ते करूनही सगळे पैसे गेल्याचे मग पासबुक भरल्यावर कळते.

म्हणून व्यवहार पक्का नोंदला गेल्यापासून स्टेटमेंटच्या चार-पाच दिवस आधीपर्यंतचा काळ हा विनंतीचा योग्य काळ होय. कर्ज साधारणपणे रूपांतराच्या दिवसापासून सुरू होते, म्हणून अगदी दुसऱ्याच दिवशी घाई करण्यात ग्राहकाचा फायदा नाही. आमच्या उदाहरणातील कुटुंबाने ६ ते १० एप्रिलच्या दरम्यान फोन करावा. एकदा नकार आला तर दुसऱ्या प्रयत्नासाठी दिवस हाताशी राहतात.

इशारा : या काळात त्या खरेदीपोटी ॲडव्हान्स पैसे भरू नयेत. रक्कम आधीच चुकती झालेली दिसली तर व्यवहार रूपांतरासाठी अपात्र ठरू शकतो.

## टप्पा ३ : ॲपमधील प्रस्ताव वाचून हिशेब करणे

ॲपमध्ये हप्त्यांचा पर्याय उघडावा, मुदत निवडावी आणि शेवटचे संमतीचे बटण न दाबता तेथेच थांबावे. त्या पडद्यावर वार्षिक व्याजदर, मासिक हप्ता, फी आणि एकूण व्याज दिसते. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण फोनवर याच आकड्यांवर बोलायचे आहे. रूपांतरापूर्वी मुद्दल आणि व्याज स्पष्ट दाखवणे, तसेच व्याज असलेल्या हप्त्यांना ‘बिनव्याजी’ न म्हणणे हे कार्ड कंपन्यांवर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. तेव्हा आकडे मागताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

प्रोसेसिंग फी कुठे ठरावीक रकमेची असते, तर कुठे खरेदीच्या एक-दोन टक्के. तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. पण जीएसटी दर महिन्याच्या हप्त्यातील व्याजावरही लागतो, आणि तो हप्त्याच्या सांगितलेल्या आकड्यात नसतो. पुढील हिशेबात तो धरला नाही, तर तुलना चुकते.

उदाहरणातील प्रस्ताव असा आहे: बारा महिने, वार्षिक १५ टक्के व्याज, फी १ टक्का.

मासिक हप्ता सुमारे ६,४९९ रुपये येतो. वर्षभराचे व्याज ५,९८३ रुपये आणि त्यावरील जीएसटी १,०७७ रुपये होतो. फी ७२० रुपये व तिच्यावरील जीएसटी १३० रुपये, म्हणजे ८५० रुपये. अशा रीतीने ७२,००० रुपयांच्या खरेदीवर एकूण जादा खर्च सुमारे ७,९१० रुपये होतो.

आता समजा, फोनवर प्रतिनिधी म्हणाला, “सर, फी पूर्ण माफ करतो, फक्त ही दुसरी योजना आहे, तिचा दर १७ टक्के आहे.” या योजनेत हप्ता ६,५६७ रुपयांचा होतो, म्हणजे महिन्याला अवघा ६८ रुपयांचा फरक. तो किरकोळ वाटतो. पण व्याज ६,८०१ आणि त्यावरील जीएसटी १,२२४ मिळून जादा खर्च ८,०२५ रुपये होतो. फी माफ होऊनही कुटुंबाला ११५ रुपये जास्त मोजावे लागतात. हीच दोन्ही गणिते चोवीस महिन्यांसाठी केली, तर ‘फी माफ’ योजना सुमारे १,१०० रुपयांनी महाग पडते, कारण फी एकदाच लागते आणि दरातला फरक प्रत्येक महिन्याला लागतो. मुदत जितकी लांब, तितके फी माफीपेक्षा दराला महत्त्व द्यावे. तीन महिन्यांच्या छोट्या मुदतीत मात्र उलट होते. तेथे व्याज थोडे असते आणि फीच मोठा खर्च ठरते.

खरी माफी म्हणजे दर १५ टक्केच राहणे आणि ८५० रुपये वाचणे. फोनवर मागायचे ते एवढेच.

तपासणी : सांगितलेला दर घटत्या शिलकेवरचा आहे की मूळ रकमेवरचा सरसकट, हे विचारावे. वरील ५,९८३ रुपयांचे व्याज सरसकट पद्धतीने सांगितले तर ते ‘फक्त ८.३ टक्के’ होते. १५ आणि ८.३ हे येथे एकाच कर्जाचे दोन आकडे आहेत. दोन प्रस्ताव ताडून पाहायचे असतील तर दर बाजूला ठेवून एकूण व्याजाचे रुपये विचारणे सर्वांत सुरक्षित.

## टप्पा ४ : फोन करणे

क्रमांक कार्डाच्या मागील बाजूस छापलेला असतो, तोच लावावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकांमध्ये फसवणूक करणाऱ्यांचे क्रमांक मिसळलेले असतात, आणि हप्ते करून देतो म्हणून ओटीपी विचारणे ही त्यांची नेहमीची पद्धत आहे. आपण स्वतः लावलेल्या फोनवरही सीव्हीव्ही, पिन किंवा ओटीपी तोंडी सांगू नये.

सोलापुरातील शाखेत जाऊन हे काम होईल, अशी अनेक ज्येष्ठांची समजूत असते. कार्ड विभाग बहुतेक बँकांत मध्यवर्ती असतो, काही ठिकाणी तर ती वेगळीच कंपनी असते, आणि शाखेतील अधिकाऱ्याला कार्डाची फी माफ करता येत नाही. त्याच बँकेत मोठी ठेव किंवा पगाराचे खाते असेल, तर शाखाधिकाऱ्याने पाठवलेल्या ईमेलचा उपयोग होतो. पण तो फोनवरील विनंतीला पूरक म्हणून.

ओळख पटवून झाल्यावर विनंती थोडक्यात आणि पुढील क्रमाने करावी. सुरुवात अशी करता येईल:

“मॅडम, २४ मार्चचा ७२,००० रुपयांचा व्यवहार मला बारा हप्त्यांत करायचा आहे. ॲपमध्ये दर १५ टक्के आणि फी १ टक्का दिसते आहे. मी अजून संमती दिलेली नाही. दर हाच ठेवून फी पूर्ण माफ होत असेल, तर मी आत्ताच रूपांतर करतो.”

शेवटची दोन वाक्ये महत्त्वाची आहेत. कर्ज अजून नोंदलेले नाही आणि होकार मिळाला तर ते लगेच होणार आहे, हे प्रतिनिधीला कळले की त्याच्याकडे उपलब्ध असलेल्या सवलतीच्या योजना तो पडद्यावर शोधतो. अशा योजना प्रत्येक कार्डधारकासाठी वेगळ्या असू शकतात, आणि फोनवर उपलब्ध असलेली योजना ॲपमध्ये दिसेलच असे नाही.

त्यानंतर कारण द्यावे, आणि एकच द्यावे. कंपनीने पूर्वी पाठवलेला ‘फी नाही’ असा एसएमएस हाताशी असेल, तर तो सर्वांत सबळ आधार. त्याची तारीख वाचून दाखवावी. तसा नसेल तर दुसऱ्या कार्डावर किंवा दुकानात फीशिवाय हप्ते मिळत होते, हे सांगावे, अर्थात ते खरे असेल तरच. सलग वेळेवर पूर्ण भरणा केल्याची नोंद हाही चांगला आधार आहे, कारण ती प्रतिनिधीच्या समोरच दिसते. घरची अडचण सविस्तर सांगण्याने मात्र उलट परिणाम होण्याची शक्यता असते. ज्याला परतफेड जड जाणार आहे, त्याला सवलतीत कर्ज देण्यास कोणी उत्सुक नसते. कार्ड बंद करण्याची धमकी, ती खरोखर अमलात आणायची नसेल तर, देऊच नये.

“फी सिस्टीमच लावते, आम्हाला काढता येत नाही,” हे उत्तर बहुधा येतेच, आणि ते पुष्कळदा खरेही असते. अशा वेळी वाद न घालता पुढचा प्रश्न विचारावा: “मग फी लागू झाल्यावर ती जीएसटीसह परत जमा करण्याची विनंती आत्ताच नोंदवता येईल का, आणि तिला मंजुरी कोण देईल?” प्रतिनिधीने वरिष्ठांकडे फोन दिला तर तीच वाक्ये पुन्हा सांगावीत, नवी मागणी जोडू नये. पूर्ण माफी शक्य नसेल तर टक्केवारीऐवजी ठरावीक कमी रक्कम लावता येईल का, हा शेवटचा प्रश्न.

इशारा : “हो, करून टाका,” हे शब्द रेकॉर्ड होतात आणि संमती म्हणून धरले जातात. दर, मुदत, फी आणि एकूण व्याज हे चारही आकडे प्रतिनिधीने स्वतः उच्चारल्याशिवाय ते बोलू नयेत.

नकार आला तर धन्यवाद म्हणून फोन ठेवावा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा प्रयत्न करावा. दुसरा प्रतिनिधी किंवा नव्याने आलेली योजना यामुळे उत्तर बदलते, असा अनुभव अनेकांना येतो. दुसऱ्यांदाही नकार आला, तर माझ्या मते ८५० रुपयांसाठी स्टेटमेंटची तारीख हुकवू नये. तोवर जो प्रस्ताव एकूण रुपयांत स्वस्त आहे, तो घ्यावा.

## टप्पा ५ : आश्वासन लेखी करून घेणे आणि मगच संमती देणे

तोंडी माफीला पुढे कोणी ओळखत नाही. फोन चालू असतानाच सेवा विनंती क्रमांक मागावा, आणि फोन ठेवल्यावर नोंदणीकृत ईमेलवरून कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर पुढील आशयाचे पत्र पाठवावे:

“आज दुपारी आपल्या प्रतिनिधीशी झालेल्या संभाषणानुसार, माझ्या कार्डावरील २४ मार्चचा ७२,००० रुपयांचा व्यवहार वार्षिक १५ टक्के घटत्या दराने बारा हप्त्यांत रूपांतरित करण्यास आणि प्रोसेसिंग फी व तिच्यावरील जीएसटी पूर्ण माफ करण्यास मान्यता मिळाली आहे. सेवा विनंती क्रमांक अमुक आहे. कृपया लेखी दुजोरा द्यावा.”

पत्रात कार्डाचे फक्त शेवटचे चार अंक लिहावेत. उत्तर आले, की मग संमती द्यावी. उत्तराला उशीर होत असेल आणि स्टेटमेंट दोन दिवसांवर आले असेल, तर विनंती क्रमांकाच्या भरवशावर पुढे जाण्यास हरकत नाही. पाठवलेले पत्र तारखेसह आपल्याजवळ असतेच.

ॲपमधून संमती देताना पडद्यावर फीच्या जागी शून्य दिसते का, ते पाहावे. माफी ‘नंतर जमा होईल’ या प्रकारची असेल तर तेथे पूर्ण फी दिसणारच. पण माफी आधीच मंजूर झाली असे सांगितले असूनही फी दिसत असेल, तर ॲपमधून पुढे जाऊ नये. सवलतीची योजना फोनवरूनच नोंदवायची असण्याची शक्यता असते, आणि ॲपमधले बटण दाबल्यास नेहमीची योजना लागू होते.

## टप्पा ६ : पहिले स्टेटमेंट ओळीओळीने तपासणे

बहुतेक तक्रारी याच ठिकाणी उद्भवतात, म्हणून अपेक्षित आकडा आधीच लिहून ठेवावा. उदाहरणातील पहिल्या महिन्याचे व्याज पूर्ण महिन्याचे धरले तर ९०० रुपये आणि त्यावरील जीएसटी १६२ रुपये आहे. फी माफ झालेली असेल, तर हप्त्यापोटी ६,४९९ अधिक १६२, म्हणजे सुमारे ६,६६१ रुपये दिसायला हवेत. आकडा ७,५१० च्या आसपास असेल तर फी लावली गेली आहे. पुढे व्याज कमी होत जाते, तसा जीएसटीही दर महिन्याला थोडा उतरतो, म्हणून बिल अगदी समान येत नाही. ती चूक नव्हे. रूपांतर आणि स्टेटमेंट यांच्यातील दिवसांनुसार पहिल्या महिन्याच्या व्याजातही थोडाफार फरक पडू शकतो.

परताव्याच्या स्वरूपातील माफीत एक बारीक गळती असते. ७२० रुपये परत जमा झालेले दिसतात आणि ग्राहक निश्चिंत होतो, पण जीएसटीचे १३० रुपये परत आलेले नसतात. दोन्ही ओळी स्वतंत्रपणे शोधाव्यात.

हप्त्याची रक्कम सहसा ‘किमान देय’ रकमेत पूर्ण धरलेली असते. तरीही फक्त किमान रक्कम भरून थांबू नये. कार्डावरील किराणा, औषधे अशा इतर खर्चाची बाकी राहिली, तर त्या खर्चावरील बिनव्याजी मुदत संपते आणि महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांच्या घरातले नेहमीचे कार्डव्याज लागू होते. हप्ते चालू असतानाही दर महिन्याला एकूण देय रक्कमच भरायची असते. मर्यादेतील ७२,००० रुपयेही एकदम मोकळे होत नाहीत. त्या कुटुंबाकडे सुरुवातीला ४८,००० चीच मर्यादा उरते, आणि हप्त्यातील मुद्दल फिटेल तशी ती वाढते. अनेक कार्डांवर या खरेदीचे रिवॉर्ड पॉइंटही काढून घेतले जातात.

इशारा : वस्तू दुकानात परत केल्यास परताव्याची रक्कम कार्डावर जमा होते, पण हप्त्यांचे कर्ज आपोआप बंद होईलच असे नाही. फोन करून ते बंद करण्यास सांगावे आणि मुदतपूर्व बंद करण्याचे शुल्क लागेल का, ते त्याच वेळी विचारावे. हे शुल्क उरलेल्या मुद्दलाच्या टक्केवारीत असते, त्यामुळे प्रोसेसिंग फी वाचवून ते भरावे लागले तर हिशेब उलटा होतो.

## टप्पा ७ : कबूल केलेली माफी मिळाली नाही तर

प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे विनंती क्रमांक, ईमेल आणि स्टेटमेंटचे पान जोडून लेखी तक्रार करावी. तक्रार चालू असली तरी स्टेटमेंटची रक्कम अंतिम तारखेपूर्वी पूर्ण भरावी, कारण ८५० रुपये अडवून धरल्याने उशिराचे शुल्क आणि व्याज यांचाच बोजा वाढेल, शिवाय पतनोंदीवरही डाग पडू शकतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मात्र लोकपालाकडे काय मागता येते, याला मर्यादा आहे. फी माफ करावी की नाही, हा कंपनीचा व्यावसायिक निर्णय असतो आणि माफी नाकारली एवढ्याच कारणावरून केलेली तक्रार तेथे टिकत नाही. कबूल करून न दिलेली माफी, संमतीशिवाय लावलेली फी, किंवा रूपांतरापूर्वी न सांगितलेले व्याज या तक्रारी मात्र तेथे मांडता येतात, आणि त्यांचा पुरावा पाचव्या टप्प्यातील ईमेल व तिसऱ्या टप्प्यातील स्क्रीनशॉट हाच असतो.